बंगाली स्पेलचेकर: लिस्ट लांबवू नका, शब्दांचे गट पाडा

प्रश्न: आमच्या कोलकात्याच्या टीमसाठी बंगाली स्पेलचेकर बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बंगाली विकिपीडियावरून दोन लाख शब्द काढून लिस्ट केली, तरी साध्या साध्या शब्दांखाली लाल रेघ येते आणि उलट चुकीचे शब्द बिनधास्त पास होतात. लिस्ट अजून वाढवायची का? प्रत्यय लागलेले शब्द, जोडशब्द, इंग्रजी-फारसी शब्द यांचं लोक काय करतात?

उत्तर: नाही, वाढवू नका. दोन लाखांचे दहा लाख केलेत तरी दोन्ही तक्रारी तशाच राहतील, कारण तुमच्या लिस्टमध्ये शब्द नाहीत, शब्दांची रूपं आहेत. विकिपीडियात जे रूप आलं तेवढंच आत, आणि तिथे ज्या चुका होत्या त्याही आत.

मी मराठीच, पण काही वर्षं कोलकात्यात बंगाली मजकुराच्या कामात होतो आणि अशी लिस्ट एकदा चुकीची आणि एकदा बरी अशी दोनदा बनवली आहे, त्यामुळे लिहितोय ते बहुतेक ठेचा खाऊनच शिकलेलं. खाली बंगाली शब्द देवनागरीत अक्षराला अक्षर लावून लिहितोय, उच्चाराप्रमाणे नाही. फाइलमध्ये टाकायचं ते मात्र बंगाली लिपीतच. तुम्ही इंजिन कुठलं ते सांगितलं नाहीये, मी हनस्पेल धरून चालतो, लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये तेच आहे. दुसरं काही असेल तर फाइलचा फॉर्मॅट बदलेल, विचार तोच राहील.

आधी दोन मिनिटं तुमची लिस्ट उघडून बघा. पायथनमध्ये `\w+` वापरून शब्द तोडले असतील तर तिथेच गेम झालाय. पायथनच्या साध्या `re` मध्ये `\w` ला काना-मात्रा-वेलांटी हे अक्षर वाटत नाही, त्यामुळे 'छेले' (मुलगा) चे 'छ' आणि 'ल' असे तुकडे होतात आणि लिस्ट एकेकट्या अक्षरांनी भरते. मराठीवर हा प्रयोग केलेल्यांना हे माहीत असेल. त्यापेक्षा सरळ बंगाली ब्लॉक U+0980 ते U+09FF घ्या, सोबत U+200C आणि U+200D हे दोन न दिसणारे जोडक घ्या, आणि बंगाली आकडे व टाकाचं चिन्ह नंतर गाळा. पूर्णविरामाची दांडी बंगालीत पण आपल्या देवनागरी ब्लॉकातलीच वापरतात, U+0964, म्हणून ती आपोआप बाहेर राहते.

दुसरी तपासणी कोडची. बंगाली ड़, ढ़, य़ ही तीन अक्षरं दोन प्रकारे साठवता येतात, एक सबंध कोड म्हणून (U+09DC, U+09DD, U+09DF) नाहीतर मूळ अक्षर अधिक खालचा नुक्ता U+09BC असं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. आणि यातली गंमत अशी की युनिकोडचं NFC केलं की साधारण अक्षरं जुळून एक होतात, पण ही तिन्ही उलटी सुटी होतात, कारण त्यांना जुळवण्यातून मुद्दाम वगळलंय. म्हणजे लिस्ट NFC करून ठेवली आणि माणसाच्या कीबोर्डने सबंध ड़ टाइप केला तर 'बाड़ि' (घर) सारख्या रोजच्या शब्दाखाली लाल रेघ. तुमची "साध्या साध्या शब्दांना रेघ" ही तक्रार मला अर्धी इथलीच वाटतेय. लिस्ट एकाच प्रकारात आणा आणि हनस्पेलच्या नियमांच्या `.aff` फाइलमध्ये `ICONV` च्या तीन ओळी टाकून येणारा मजकूर त्याच प्रकारात वळवा, विषय संपला.

आता खरं काम, प्रत्यय.

बंगाली नाम कसं वाढतं बघा. 'छेले' ला आधी 'टा' किंवा 'टि' लागतो (तो अमुक एक मुलगा), अनेक असले तर 'गुलो' किंवा 'गुलि'. त्याच्यावर विभक्ती, 'र' म्हणजे आपला चा-ची-चे, 'के' म्हणजे ला, 'ते' म्हणजे त किंवा मध्ये. आणि सगळ्यात शेवटी 'इ' (आपला च) नाहीतर 'ओ' (आपला ही). छेले-गुलो-के-ओ, म्हणजे मुलांनाही, आणि लिहायचं सगळं सलग एका शब्दात. आता मोजा. नुसतं छेले, टा, टि, गुलो, गुलि हे पाच, गुणिले चार (विभक्ती नसलेलं आणि तीन विभक्त्या) म्हणजे २०. त्यात माणसांसाठी छेलेरा, छेलेदेर, छेलेदेरके ही तीन, झाले २३. प्रत्येकाच्या मागे काही नाही, 'इ' किंवा 'ओ', म्हणजे ६९. एका नामाची ६९ रूपं. दहा हजार नामं घेतलीत तरी पावणेसात लाखांच्या वर जाताय, आणि यातली बरीच रूपं कुठल्याही विकिपीडियात कधी येणारच नाहीत, माणूस मात्र उद्या ईमेलमध्ये लिहील.

म्हणून `.dic` मध्ये फक्त मूळ शब्द आणि त्याच्यापुढे गटाचा नंबर, आणि `.aff` मध्ये कुठल्या गटाला काय लागतं ते. फक्त एक अडचण आहे, हनस्पेल शब्दाच्या मागून प्रत्ययांचे दोनच थर सोलतो. आपल्याला तर तीन लागतात, टा-गुलो, विभक्ती, इ-ओ. पहिल्या वेळी मी तीन थर लिहिले आणि 'छेलेगुलोकेओ' चालेना म्हणून दोन दिवस एन्कोडिंगमध्ये चूक शोधत बसलो! उपाय साधा आहे, पहिले दोन थर एकत्र करा. 'गुलोके' हा एकच प्रत्यय समजा, 'टार' हा एकच, आणि 'इ-ओ' तेवढा दुसरा थर.

```
SET UTF-8
FLAG num

SFX 1 Y 2
SFX 1 0 ই .
SFX 1 0 ও .

SFX 10 Y 3
SFX 10 0 র/1 .
SFX 10 0 কে/1 .
SFX 10 0 তে/1 .

SFX 20 Y 4
SFX 20 0 টা/1 .
SFX 20 0 টার/1 .
SFX 20 0 গুলো/1 .
SFX 20 0 গুলোকে/1 .
```

२० नंबरच्या गटात खऱ्या फाइलमध्ये अजून बऱ्याच ओळी असतात, मी चारच दाखवल्यात. ओळी वाढवल्या की वरचा आकडाही वाढवायचा, तो विसरला तर पुढच्या ओळी वाचल्याच जात नाहीत किंवा भलतंच होतं. `.dic` मध्ये मग `ছেলে/1,10,20` एवढंच लिहायचं. तो १ नंबर मूळ शब्दालाही द्यायला विसरू नका, नाहीतर 'छेलेकेओ' चालतं आणि साधं 'छेलेओ' अडतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, तिने माझं काम निम्म्याने कमी केलं. टा, टि, गुलो, गुलि हे सगळे स्वराने संपतात, त्यामुळे त्यांच्यापुढची विभक्ती कायम एकसारखी, शब्द कुठलाही असो. त्रास फक्त तिथे आहे जिथे मूळ शब्दाला विभक्ती सरळ चिकटते. आणि तिथेही 'के' सगळ्यांना सारखाच. भानगड षष्ठीची आणि सप्तमीची, म्हणजे चा आणि त.

माझ्याकडे शेवटी पाच गट उरले. स्वरान्त शब्दांना र आणि ते: छेलेर, नदीते. 'आ' ने संपणाऱ्यांना शिवाय य़: ढाका, ढाकार, ढाकाय़. व्यंजनान्तांना एर आणि ए, तेही मात्रा होऊन: घर, घरेर, घरे. एकाक्षरी किंवा जोडस्वराने संपणारे छोटे शब्द, मा, चा, बइ (पुस्तक), त्यांना य़ेर: माय़ेर, चाय़ेर, बइय़ेर. आणि पाचवा गट म्हणजे जे व्यंजनान्त दिसतात पण नसतात. 'बड़' (मोठा) लिहितात असं, वाचतात बड़ो, म्हणून षष्ठी 'बड़र'. 'घर' आणि 'बड़' कागदावर एकाच जातीचे दिसतात, षष्ठी मात्र वेगळी. मग वाटतं उच्चार बघावा, तर 'रक्त' चा उच्चारही शेवटी ओ करूनच होतो, पण त्याची षष्ठी 'रक्तेर'. म्हणजे शेवटचं अक्षर बघून नियम लावता येत नाही आणि उच्चार बघूनही नाही, शब्दागणिक कोणीतरी ठरवावंच लागतं.

मी ते असं केलं. प्रत्येक व्यंजनान्त दिसणाऱ्या शब्दासाठी मजकुरात 'शब्द+र' किती वेळा आणि 'शब्द+एर' किती वेळा हे मोजलं. जे जास्त तो गट. बहुतेक शब्द बरोबर पडले, आणि काही असे पडले की आमच्या ऑफिसातल्या वयस्कर प्रूफरीडरनी (सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही) चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. 'अन्त' (शेवट) आणि 'प्रान्त' (कडा) हे दोन माझ्या स्क्रिप्टने 'बड़' च्या गटात टाकले होते. का, तर 'अन्तर' आणि 'प्रान्तर' हे शब्द मजकुरात भरपूर होते. पण अन्तर म्हणजे अंतःकरण, प्रान्तर म्हणजे मोकळं माळरान, त्यांचा षष्ठीशी काही संबंध नाही, खरी षष्ठी अन्तेर आणि प्रान्तेर. तेव्हा जिथे दोन्ही रूपं दमदार संख्येने येतात ते सगळे शब्द बाजूला काढा आणि बंगाली माणसाला दाखवा. ती यादी काही शेकड्यांचीच निघते, तेवढं दोन दुपारचं काम आहे, ते वाचवू नका. सगळ्यांना दोन्ही देऊन टाकू हा मोह मलाही झाला होता, पण मग 'घरर' पास होतं, आणि बोट दोनदा पडणं ही तर टायपिंगमधली नेहमीची चूक.

व्यंजनान्त गटात अजून एक बारीक काम. बंगालीत 'खंड त' म्हणून वेगळं अक्षर आहे, आपल्या पाय मोडलेल्या त् सारखं, 'बिद्युत्' च्या शेवटी येतं ते. त्याला मात्रा लागत नाही, म्हणून विभक्ती आली की ते साधा त होतं, बिद्युतेर. तसंच अनुस्वाराचं: 'रं' (रंग) चं 'रङेर' होतं, अनुस्वार जाऊन ङ येतो.

```
SFX 11 Y 6
SFX 11 0 ের/1 [^ৎং]
SFX 11 0 ে/1 [^ৎং]
SFX 11 ৎ তের/1 ৎ
SFX 11 ৎ তে/1 ৎ
SFX 11 ং ঙের/1 ং
SFX 11 ং ঙে/1 ং
```

हा खंड त युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००५ ला आला, त्याआधी तो त, हसन्त म्हणजे पाय मोडायची खूण, आणि जोडक असा तीन कोडांत लिहायचे. जुन्या फाइल्स गोळा केल्यात तर तिथे अजून तसाच सापडतो, त्यालाही एक `ICONV` लावा.

'रा-देर' फक्त माणसांना आणि प्राण्यांना द्या, टेबलाला नको. 'टा' आदरणीय माणसाला लावत नाहीत वगैरे बारकावे सोडून द्या, तो शिष्टाचार आहे, शुद्धलेखन नाही. आणि एका अक्षराच्या शब्दांना कुठलाच गट आपोआप देऊ नका, हातानेच द्या. मा आणि चा ठीक आहेत, पण विकिपीडियातून आलेलं सुटं 'क' किंवा 'त' तुम्ही १० नंबरला टाकलंत तर दोन-तीन अक्षरांचं काहीही पास व्हायला लागेल.

क्रियापदांवर फार लिहीत नाही, कारण ती मी `.aff` मध्ये बसवलीच नाहीत. मूळच बदलतं हो त्यांचं, लेखा (लिहिणं) चं 'लिखि' आणि 'लेखे', शोना चं 'शुनि', आणि 'याओय़ा' (जाणं) चं तर 'याइ' आणि 'गेलाम'. धातू मोजके असतात, त्यांची रूपं एका छोट्या स्क्रिप्टने काढून सरळ लिस्टमध्ये ओतली आणि वर फक्त इ-ओ चा १ नंबर लावला. एक ठरवावं लागतं, 'करब' की 'करबो', 'हल' की 'हलो'. लोक दोन्ही लिहितात. टीमचं जे चालत असेल ते एकच ठेवा, नाहीतर एकाच लेखात दोन्ही पास होतील आणि संपादक तुम्हाला विचारेल की मग याचा उपयोग काय. नकाराचंही बघा, 'नि' क्रियापदाला चिकटून (करिनि) आणि 'ना' सुटा (करि ना), म्हणून 'नि' प्रत्यय म्हणून घ्या, 'ना' घेऊ नका.

आता जोडशब्द, आणि तुमचे चुकीचे शब्द पास का होतात त्याचं एक कारण इथे असू शकतं. हनस्पेलमध्ये `COMPOUNDFLAG` म्हणून सोय आहे, ज्या शब्दांना तो झेंडा लावला ते कसेही एकमेकांना जोडून चालतात. बंगालीत समास चिकार, म्हटल्यावर पहिल्या वेळी मी सगळ्या नामांना तो लावला आणि लाल रेघा झपकन कमी झाल्या, मी खूश. आठवड्याने दादांनी एक प्रिंट आणून ठेवला, त्यात 'परीबार' छापलेलं. बरोबर शब्द 'परिबार', आपला परिवार, ऱ्हस्व. मशीनने का सोडलं? 'परी' म्हणजे परी, 'बार' म्हणजे वार किंवा खेप. परी अधिक बार, दोन्ही लिस्टमध्ये आहेत, जोडले, पास. मग शोधत गेलो तर 'कूलबधू' पण पास, कुळातली वधू म्हणजे 'कुलबधू', आणि 'कूल' म्हणजे नदीचा काठ. काठावरची वधू! ऱ्हस्व-दीर्घाची चूक हीच बंगालीतली सगळ्यात नेहमीची चूक, कारण उच्चारात फरक नाही, आणि नेमकी तीच चूक जोडशब्दाच्या सोयीने झाकली जाते. लांब शब्द जोडायला हरकत नसते, पण बंगाली जोडशब्दांचे तुकडे छोटेच असतात, त्यामुळे तुकड्याची किमान लांबी ठरवणारा `COMPOUNDMIN` वाढवून पण पदरात फारसं पडत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की मोकळी जोडणी बंद. जे समास मजकुरात पुन्हा पुन्हा येतात ते आख्खे शब्द म्हणून लिस्टमध्ये, त्यांच्या गटासकट. संधी झालेले, विद्यालय सारखे, तसेही जोडून बनत नाहीत, ते आख्खेच घ्यावे लागतात. आणि काही उत्तरपदं अशी असतात की ती कशालाही लागतात, 'भाबे' (रीतीने), 'मूलक', 'बिहीन', 'सह', अशी वीस-पंचवीस. त्यांना प्रत्यय म्हणूनच लिहा आणि ज्या शब्दांना शोभतात त्यांनाच तो गट द्या. हायफनने जोडलेले, मा-बाबा वगैरे, हनस्पेल आपणहून हायफनवर तोडून बघतो, त्यांची काळजी नको.

समासातली एक जागा मराठी माणसाला लगेच कळेल. आपण मंत्री लिहितो पण मंत्रिमंडळ, प्राणी पण प्राणिसंग्रहालय. बंगालीतही तेच, मूळ संस्कृत इन्-अन्त शब्द, 'मन्त्री' पण 'मन्त्रिसभा', 'प्राणी' पण 'प्राणिबिद्या'. पण विभक्ती लागताना मात्र दीर्घच राहतो, मन्त्रीर, मन्त्रीके, मन्त्रीरा. पुढे 'त्ब' किंवा 'ता' आला की परत ऱ्हस्व, सहयोगी पण सहयोगिता. म्हणजे 'मन्त्रि' हे रूप सुटं कधीच पास होता कामा नये, म्हणून ते स्वतंत्र शब्द म्हणून लिस्टमध्ये नकोच, मन्त्रिसभा आख्खा हवा. त्यात ढाक्याच्या नियमांत अशा समासांत दीर्घही चालेल अशी मुभा आहे. इथे तुम्हाला ठरवावंच लागेल की तुम्ही कोणाचं शुद्धलेखन धरताय.

कारण बंगालीची एकच गादी नाही. कोलकाता विद्यापीठाने १९३६ मध्ये नियम केले, ढाक्याच्या संस्थेने १९९२ मध्ये आपले केले आणि २०१२ मध्ये सुधारले, पश्चिम बंगालची वेगळी संस्था १९८६ पासून आहे आणि तिचंही स्वतःचं मत आहे. अकादमी हा शब्द ढाक्याची संस्था आपल्या नावात लिहिते 'एकाडेमि' आणि कोलकात्याची 'आकादेमि', नावापासूनच सुरुवात! तुमची टीम कोलकात्याची आहे तर कोलकात्याचं धरा, आणि बांगलादेशचे वाचक असतील तर लिस्ट एकच ठेवून फरकाचे शब्द दोन छोट्या फाइल्समध्ये वेगळे ठेवा, बनवताना जोडायचे. दोन आख्ख्या लिस्ट सांभाळायला जाऊ नका, महिन्याभरात त्या एकमेकींपासून फाटतात.

उसने शब्द त्यामानाने सोपे आहेत. विभक्ती त्यांनाही तशीच लागते, कम्पिउटारेर, भिडिओर, ब्यांके, म्हणून तेच गट चालतात. फक्त अनुस्वारान्त इंग्रजी शब्द बघा. 'रं' चं रङेर होतं म्हणून 'मिटिं' ला पण त्याच गटात टाकलंत तर 'मिटिङेर' होईल, तसं लिहिणारे आहेत, पण आजकाल सगळीकडे दिसतं ते 'मिटिंय़ेर'. म्हणून इंग्रजीतून आलेले सगळे '-इं' वाले शब्द 'बइ' च्या गटात, य़ेर वाल्या. उसन्या शब्दांना वेगळी खूण करून ठेवा ती एवढ्यासाठीच.

त्या खुणेचा दुसरा उपयोग ण आणि ष साठी. परक्या शब्दांत ण आणि ष नको, हे आता दोन्हीकडे मान्य आहे, म्हणून 'ष्टेशन' नाही 'स्टेशन', 'हर्ण' नाही 'हर्न'. जुन्या पाट्यांवर, जुन्या पुस्तकांत ष्टेशन भरपूर, त्यामुळे विकिपीडियातून तो तुमच्या लिस्टमध्ये शिरलेला असणार. पण 'ष्ट' दिसला की काढा असं करू नका, 'कष्ट', 'नष्ट', 'दुष्ट' बरोबरच आहेत. उसन्या शब्दांच्या यादीपुरतंच बघा, आणि `REP` मध्ये एक ओळ टाका म्हणजे माणसाने ष्टेशन लिहिलं की सुचवणीत स्टेशन वर येईल. दीर्घ ईचं पण तसंच, परक्या शब्दांना ऱ्हस्व, 'जानुय़ारि', 'सरकारि'. इथे भावना मध्ये येतात. ढाक्याच्या कोशाने 'ईद' ऐवजी 'इद' सुचवलं तर लोक खवळले होते. नियमाने इद, मनाने ईद. मी दोन्ही ठेवले, आणि असे दोन्ही ठेवलेले शब्द मोजकेच ठेवले.

आणि एक न दिसणारी गोष्ट, जी उसन्या शब्दांतच येते. 'र‍्याम', 'र‍्याकेट' यांत र वर य-फला म्हणजे जोडाक्षरातला य लागतो, तो नीट दिसावा म्हणून र नंतर U+200D हा जोडक घालतात, मग हसन्त, मग य. जोडक नसला की र चा रफार होऊन 'सूर्य' मधल्यासारखा य च्या डोक्यावर जातो. आपल्याकडे दर्या आणि दऱ्या यात जो फरक तोच हा. बरेच जण साफसफाई म्हणून सगळे न दिसणारे कोड उडवून टाकतात, `IGNORE` मध्ये घालतात, आणि मग डोक्यावर रफार असलेला चुकीचा 'र्याम' बरोबर ठरतो. जोडक फक्त या जागी ठेवा, बाकी ठिकाणचे उडवा. आणि `WORDCHARS` मध्ये तो लिहा, नाहीतर कमांड लाइनवर तपासताना शब्द त्या जागी तुटू शकतो.

हे सगळं झाल्यावर तपासायचं दोन्ही बाजूंनी, लोक एकाच बाजूने तपासतात. एक, चांगला संपादित मजकूर घ्या, लिस्ट बनवताना न वापरलेला, आणि कशाखाली रेघ येते ते मोजा:

```
hunspell -d ./bn_test -i UTF-8 -l lekh.txt | sort | uniq -c | sort -rn | head -200
```

वरचे दोनशे वाचले की कुठला गट चुकला ते लगेच दिसतं, एकाच शेपटीचे शब्द एकत्र दिसायला लागतात. पहिल्या फेरीत माझ्याकडे सगळे 'य़ेर' वाले होते, चौथा गटच राहिला होता. दोन, चुकांची फाइल. बरोबर शब्द घ्या आणि त्यात मुद्दाम ऱ्हस्वाचं दीर्घ करा, न चा ण, स चा श, ड़ चा र. पण असं बदलल्यावर कधीकधी दुसरा खरा शब्द तयार होतो ('पड़ा' म्हणजे वाचणं, 'परा' म्हणजे अंगात घालणं), तसे आधी काढून टाका, तो दोष लिस्टचा नाही. उरलेली फाइल अशी चालवा:

```
hunspell -d ./bn_test -i UTF-8 -G chuka.txt
```

`-G` फक्त बरोबर ठरलेले शब्द छापतो, म्हणजे इथे जे काही छापून येईल तो प्रत्येक तुमच्या लिस्टमधला खड्डा. प्रत्येक बदलानंतर दोन्ही चालवा. एका बाजूचा आकडा सुधारला आणि दुसऱ्या बाजूचा बिघडला तर तो बदल मागे घ्या, मी `COMPOUNDFLAG` तसाच मागे घेतला. तुमच्या चुकांच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत 'परीबार' टाका, आणि आत्ताच्या लिस्टवर काय येतं ते इथे सांगा, मग तो जोडणीमुळे पास होतोय की विकिपीडियातली चूकच आत आलीये ते बघू.